तीन पावलं पुढे, तीन पावलं मागे: अमिदा कशी म्हणायची, नवख्यांसाठी

मी पहिल्यांदा सिनेगॉगमध्ये सगळ्यांबरोबर उभं राहून अमिदा ही ज्यूंची प्रार्थना पूर्ण म्हटली तेव्हा शेवटी तीन पावलं मागे घेतली आणि थेट मागच्या काकांच्या पायावर पाय दिला. ते अजून प्रार्थनेतच होते. ना "अरे" म्हणाले, ना डोळे उघडले, ओठ तेवढे हलत राहिले. चार-पाच मिनिटांनी त्यांचं संपलं, मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाळा, मागे कोण उभंय ते बघितल्याशिवाय पाय हलवायचा नाही, आणि माझं चालू असताना मी तुला सांगणार तरी कसं?" घरी जाऊन यातलं सगळं नीट शिकायचं असं त्या दिवशी ठरवलं, कारण आम्हा बेने इस्राएलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात प्रार्थना लहानपणापासून कानावर पडते पण पाय का हलवायचे आणि कंबर कधी वाकवायची हे कोणी बसून सांगत नाही, बघून बघून यावं असंच धरलेलं असतं. आपल्यातल्या ज्या मुलांना हे आता शिकायचंय, आणि ज्या मराठी मित्रमंडळींना "तुम्ही लोक उभं राहून पुटपुटता ते काय असतं" असा प्रश्न पडतो, त्या दोघांसाठी हे लिहितोय.

अमिदा म्हणजे हिब्रूत 'उभं राहणं'. दिवसातून तीनदा म्हणायची, सकाळी शाखारीत, दुपारनंतर मिनखा आणि रात्री आर्वीत. तिचं दुसरं नाव शेमोने एस्रे, म्हणजे 'अठरा', कारण मुळात त्यात अठरा आशीर्वचनं होती. आता मोजलीत तर एकोणीस भरतील आणि नवखा माणूस इथेच पहिल्यांदा गोंधळतो. तालमुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात सांगितलंय की जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतर याव्ने गावच्या विद्वानांनी फितुरांविरुद्धचं एक आशीर्वचन नंतर घातलं, ते शमुएल हाकाटान यांनी रचलं, त्यामुळे आकडा एकोणीस झाला पण नाव अठराचंच राहिलं.

तीन भाग आहेत. पहिली तीन आशीर्वचनं देवाच्या स्तुतीची, मधली तेरा मागण्यांची, शेवटची तीन आभाराची आणि निरोपाची. तालमुदात याला उपमा दिलीय ती मला फार आवडते: नोकर मालकाकडे जातो, आधी त्याचं गुणगान करतो, मग हवं ते मागतो, मिळालं की आभार मानून निघतो. हे चित्र डोक्यात पक्कं ठेवा, कारण वाकणं आणि पावलं सगळं याच चित्रातून येतं. तुम्ही कोणाच्या तरी समोर जाताय, तिथे काही वेळ उभे राहताय आणि मग पाठ न दाखवता परत येताय.

आता प्रत्यक्ष करू. धरा की साधा मंगळवार आहे, दुपारचे चार वाजलेत, मिनखाची वेळ. तोंड जेरुसलेमकडे करायचं, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातून साधारण पश्चिमेकडे. सिनेगॉगमध्ये असाल तर विचार करावा लागत नाही, तोराच्या गुंडाळ्या ठेवलेलं कपाट ज्या भिंतीला आहे तिकडे सगळ्यांची तोंडं असतात. प्रवासात दिशा कळत नसेल तर मन तिकडे लावायचं, मिश्नात, म्हणजे तालमुदाचा पाया असलेल्या नियमांच्या ग्रंथात, तसं स्पष्ट दिलंय, गाढवावर बसलेल्या माणसाला उतरता येत नसेल तर तोंड वळवावं आणि तेही जमत नसेल तर मन वळवावं. लोकलच्या गर्दीत कोपर हलवायला जागा नसते तेव्हा मला त्या गाढववाल्याची आठवण येते.

सुरुवातीला तीन छोटी पावलं मागे आणि मग तीन पुढे. मागची तीन फक्त जागा करण्यासाठी, खरी महत्त्वाची पुढची तीन, ती म्हणजे आत जाणं. मोठी ढांग टाकायची नाही, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लागेल एवढंच. पुढे आलात की दोन्ही पाय जुळवायचे, टाचांना टाचा आणि चवड्यांना चवडे, आणि शेवटची पावलं घेईपर्यंत ते जुळलेलेच ठेवायचे. यहेज्केल संदेष्ट्याला देवदूत दिसले तेव्हा त्यांचे पाय एकच सरळ पाय असल्यासारखे होते, त्यावरून हे आलंय. सुरुवातीला तोल जातो, विशेषतः डोळे मिटले तर, म्हणून नवख्याने डोळे पुस्तकात ठेवावेत तेच बरं. मग स्तोत्रातली एक ओळ, 'हे प्रभू, माझे ओठ उघड', आणि सुरू.

आवाजाचं सांगायचं राहिलं. मूक प्रार्थना म्हणतात पण मनातल्या मनात म्हटली तर चालत नाही. ओठ हलले पाहिजेत, शब्द तोंडातून आले पाहिजेत, आपल्या कानाला ऐकू येतील इतकेच, शेजाऱ्याला नाही. हे हन्नाकडून शिकलंय असं तालमुद म्हणतं. शमुएलाची आई हन्ना मूल व्हावं म्हणून देवासमोर उभी राहून रडत होती, ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता, तर याजक एलीला वाटलं बाई प्यायलेली आहे. त्या बाईची पद्धत पुढे सगळ्यांसाठी नियम झाली.

आता वाकणं. पूर्ण अमिदात फक्त चार ठिकाणी वाकायचं असतं, हे पाठच करून टाका. पहिल्या आशीर्वचनाची सुरुवात, पहिल्याचा शेवट, मोदीम म्हणजे अठराव्याची सुरुवात, आणि अठराव्याचा शेवट. बास. मागण्यांच्या पूर्ण भागात एकदाही वाकायचं नाही. नवखा माणूस इथे हमखास चुकतो, कारण प्रत्येक आशीर्वचन 'बारूख अत्ता' असंच संपतं, म्हणजे 'तू धन्य आहेस', आणि ते शब्द आले की पहिल्या वेळच्या सवयीने कंबर आपोआप वाकते. तालमुदात हेही आहे बरं का, जो प्रत्येक आशीर्वचनाला वाकायला लागेल त्याला वाकू नकोस असं शिकवा. आणि पुढे सांगितलंय की मुख्य याजकाने साध्या माणसापेक्षा जास्त वेळा वाकायचं आणि राजाने त्याहूनही जास्त. एका मतानुसार राजा एकदा वाकला की संपेपर्यंत वरच येत नाही, शलमोनाने मंदिर अर्पण करताना तसंच केलं होतं. म्हणजे ज्याचं पद मोठं त्याला जास्त वाकायला लागतं आणि साध्या माणसाला चार वेळा पुरतं. जास्त वाकून आपण जास्त भाविक दिसू असं वाटत असेल तर ते इथे चालत नाही.

एक वाकणं सावकाश बघू, पहिलंच घेऊ. 'बारूख' म्हणताना वाकायला सुरुवात, 'अत्ता' म्हणताना वाकलेलं, आणि देवाचं नाव यायच्या आधी सरळ. नाव उच्चारताना माणूस ताठ उभा असला पाहिजे, कारण स्तोत्रात म्हटलंय की वाकलेल्यांना देव उभं करतो. युरोपातल्या अश्केनाझी लोकांची रीत 'बारूख'ला गुडघे वाकवायचे, 'अत्ता'ला कंबर, नावाला सरळ. आपल्याकडे बेने इस्राएल आणि बगदादी ज्यू दोघंही सफारदी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या ज्यूंच्या, वळणाने जातात, त्यात बऱ्याच ठिकाणी 'बारूख'ला धड वाकतं, 'अत्ता'ला मान झुकते, आणि वर येताना आधी धड मग मान. तुमच्या सिनेगॉगमध्ये जे चालतं ते धरा, दोन्ही बरोबर आहेत.

किती वाकायचं? पाठीचे मणके मोकळे होऊन वर दिसतील इतकं, असं तालमुद म्हणतं, पण म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाने मान झुकवली तरी पुरतं. राव शेशेत नावाच्या विद्वानाचं वर्णन आहे की ते वाकताना काठीसारखे एकदम वाकायचे आणि उठताना सापासारखे उठायचे, म्हणजे आधी डोकं मग हळूहळू बाकीचं शरीर. करून बघा, झटकन खाली आणि सावकाश वर. उलटं केलंत तर कसं वाटतं तेही बघा, ओझं टाकून मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि तेच टाळायचं असतं. मोदीमच्या सुरुवातीला थोडा फरक आहे, तिथे 'बारूख' नाही म्हणून 'मोदीम अनाख्नू लाख' म्हणजे 'आम्ही तुझे आभार मानतो' या शब्दांनाच वाकायचं आणि नावाला सरळ व्हायचं.

पहिलं आशीर्वचन संपतं 'मागेन अव्राहाम' या शब्दांनी, अब्राहामाची ढाल. अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग माहीत असेल तर त्याचं नाव मागेन आबोथ, पूर्वजांची ढाल, ते याच घरातलं नाव आहे. शुक्रवारी रात्री अमिदा झाल्यावर हजान, म्हणजे सगळ्यांची प्रार्थना चालवणारा, जो छोटा भाग मोठ्याने म्हणतो त्यात 'मागेन आबोथ' हे शब्द येतात. आळीतून जाणाऱ्या कितीतरी लोकांनी ती पाटी वाचलेली असेल.

मधल्या तेरांबद्दल सगळं सांगत बसत नाही, अर्थ वाचलात तर कळतंच: आधी समज मागायची, मग पश्चात्ताप, मग क्षमा, पुढे सुटका, आरोग्य, पीकपाणी, आणि नंतर सगळ्या समाजासाठी. समज पहिली का, तर ज्याला कळतच नाही तो नीट मागणार काय. क्षमेच्या वेळी उजव्या मुठीने छातीवर हलकेच दोनदा ठोकतात, मधल्या भागात लक्षात ठेवण्यासारखी अंगाची हालचाल तेवढीच.

पण नवव्यावर थांबायलाच पाहिजे, कारण ते आपल्या कोकणाच्या माणसाला चक्रावून टाकतं. नववं आशीर्वचन वर्षाचं, म्हणजे शेतीभातीचं, आणि त्यात हिवाळ्यात पाऊस मागायचा असतो. इस्राएल देशाबाहेर ही मागणी साधारण 4 डिसेंबरच्या संध्याकाळपासून सुरू होते (पुढचं वर्ष लीप असेल तर 5 च्या) आणि पेसाख या वसंतातल्या सणापर्यंत चालते. ही तारीख बाबिलोनच्या पावसाच्या हिशोबाने ठरली, जुन्या गणितातल्या शरद संपातापासून साठावा दिवस धरून. आणि कोकणात डिसेंबरमध्ये काय असतं तर भात कापून झालेलं, अंगणात वाल-पावट्याचं चालू, तेव्हा कोणाला पाऊस हवाय? आपला पाऊस जूनचा. मग जूनमध्ये पावसाने ओढ दिली आणि पेरलेलं जळायला लागलं तर काय करायचं? हाच प्रश्न निनवे शहराच्या लोकांनी रब्बी यहूदा हानासी या विद्वानांना विचारला होता, आम्हाला उन्हाळ्यातही पाऊस लागतो, तर कुठे मागायचा? उत्तर आलं की नवव्यात नाही, 'शेमा कोलेनू'त मागा, म्हणजे सोळाव्यात, 'आमची हाक ऐक' या आशीर्वचनात. तिथे प्रत्येकाला आपली आपली मागणी घालायची मुभा असते, घरात कोणी आजारी असेल, नोकरी गेली असेल, पाऊस हवा असेल, सगळं तिथे आणि आपल्या भाषेत. माझ्या आजीची जागा तीच होती. हिब्रू म्हणता म्हणता ती तिथे मराठीत शिरायची, "देवा, पावसाचं बघ, पोराचं बघ", आणि मग परत हिब्रू. लहानपणी मला वाटायचं ती विसरते म्हणून मराठीत बोलते.

आता चुकलं तर काय, हे एका उदाहरणाने बघू कारण यातून पायांचं महत्त्व कळतं. समजा 5 डिसेंबरची सकाळ आहे, कालपासून पावसाची मागणी सुरू झालीय, आणि तुम्ही सवयीने उन्हाळ्याचाच मजकूर म्हणून नववं संपवलंत. सफारदी पुस्तकात तर उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा असे दोन वेगळे परिच्छेदच असतात, त्यामुळे चुकीच्या परिच्छेदावर डोळा जाणं सोपं. बाराव्यावर आठवलं? काही बिघडलं नाही, पुढे जात राहा आणि सोळाव्यात पाऊस मागून घ्या. सोळावंही मागे पडलं आणि अठराव्यावर आठवलं? आता नवव्यापर्यंत मागे जायचं आणि तिथून पुन्हा क्रमाने पुढे यायचं. आणि सगळं संपवून तीन पावलं मागे घेतल्यावर आठवलं? तर पहिल्यापासून. म्हणजे पाय जुळलेले आहेत तोवर तुम्ही आत आहात आणि दुरुस्ती करता येते, पाय उचललेत की भेट संपली. आणि 'म्हटलं की नाही' हेच आठवत नसेल तर? पहिले तीस दिवस असं धरायचं की जुन्या सवयीनेच म्हटलंय, म्हणजे चुकलंय, तीस दिवसांनंतर धरायचं की बरोबर म्हटलंय. यावर जुन्या लोकांनी तोडगा काढलाय, ती नवी ओळ मागच्या पुढच्या शब्दांसकट नव्वद वेळा ओळीने म्हणून टाकायची, कारण तीस दिवस रोज तीनदा म्हणजे नव्वद. जिभेला वळण लागतं. मी दरवर्षी करतो, दहा-बारा मिनिटं लागतात आणि महिनाभराचा घोर जातो.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, मधल्या तेरा मागण्या नसतात, त्याजागी दिवसाच्या पवित्रपणाचं एकच आशीर्वचन, म्हणजे तीन-एक-तीन अशी सातच. त्या दिवशी आपल्या विवंचना घेऊन जायचं नाही. नवखा माणूस शुक्रवारी रात्री सवयीने चौथं 'समज दे' सुरू करतो आणि मध्येच लक्षात येऊन घाबरतो. घाबरू नका, ते सुरू केलेलं एक पूर्ण करायचं आणि मग शब्बाथच्या भागाकडे वळायचं. शब्द त्या दिवशी चुकीचे नाहीत, फक्त शब्बाथच्या मानासाठी विद्वानांनी आपल्याला त्यातून सोडवलंय.

मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, फोन खिशात वाजला तर उचलायचा नाही (आधीच बंद करा ना). मिश्ना म्हणते साप टाचेला विळखा घालून बसला तरी थांबायचं नाही, आणि तालमुद लगेच पुढे म्हणतं की साप ठीक पण विंचू असेल तर थांबा, कारण विंचू डसतोच. सापही चिडलेला आणि चावायच्या बेतात असेल तर बाजूला व्हायचं, जीव धोक्यात घालायला कोणी सांगितलेलं नाही.

शेवटची पावलं. एकोणिसावं शांतीचं आशीर्वचन झालं की एक छोटी वैयक्तिक प्रार्थना असते, 'माझ्या देवा, माझी जीभ वाईटापासून राख', आणि मग निरोप. आधी मागे बघा, किंवा बघता येत नसेल तर कानोसा घ्या. मागचा माणूस अजून प्रार्थनेत असेल तर थांबायचं, कारण प्रार्थना करणाऱ्याच्या समोरच्या चार हातांत, म्हणजे ढोबळ दोन मीटरमध्ये, शिरायचं नसतं. मी नेमकं तेच केलं होतं. मोकळं असेल तर वाकायचं आणि वाकलेल्या स्थितीतच तीन पावलं मागे: आधी डावा पाय, त्याचा चवडा उजव्या टाचेशी येईल एवढा, मग उजवा डाव्याच्या मागे तेवढाच, मग डावा उजव्याशी जुळवायचा. डावा आधी का, तर बहुतेकांचा उजवा पाय पटकन उचलतो, डाव्याने सुरुवात केली की जायची घाई नाही असं दिसतं. मग वाकलेलंच राहून डावीकडे वळत 'ओसे शालोम बिम्रोमाव', उजवीकडे 'हू यासे शालोम आलेनू', समोर 'वेआल कोल इस्राएल', आणि सरळ. इथेही डावी बाजू आधी येते, आणि त्याचं कारण ऐकून मला खूप दिवस बरं वाटत राहिलं होतं. तुम्ही ज्याच्या समोर उभे आहात त्याची उजवी बाजू म्हणजे तुमची डावी. तो खरोखर समोर आहे असं धरूनच हे ठरवलेलं आहे.

मागे गेल्यावर लगेच परत पुढे यायचं नाही. तिथेच उभं राहायचं, हजान मोठ्याने पुन्हा म्हणायला सुरुवात करून केदुशापर्यंत, म्हणजे देवाच्या पवित्रतेच्या घोषापर्यंत, येईपर्यंत, आणि एकटे असाल तर दोन मीटर चालायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग तीन पावलं पुढे येऊन आपल्या जागी. हजान परत का म्हणतो, तर पूर्वी छापील पुस्तकं नव्हती आणि ज्यांना पाठ नसायचं त्यांनी ऐकून 'आमेन' म्हटलं की त्यांचं काम व्हायचं. यासाठी दहा जणांचा मिनयान लागतो, आणि आता आपल्याकडे बऱ्याच गावी तेवढे पुरुष जमत नाहीत हे दुःख आहेच. केदुशात 'कादोश, कादोश, कादोश' येतं तेव्हा पाय जुळवून प्रत्येक शब्दाला टाचा उचलायच्या.

ज्याला हिब्रू वाचायला वेळ लागतो त्याने काय करायचं हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारतात. सराव झालेला माणूस साधारण पाच-सात मिनिटांत संपवतो, नवख्याला वीस लागतात आणि तो धावायला लागतो, शब्द गिळतो. धावू नका. मिश्नात स्पष्ट आहे की ही प्रार्थना कुठल्याही भाषेत चालते, आणि आपल्याकडे तर एकोणिसाव्या शतकापासून प्रार्थनांची मराठी भाषांतरं छापली जात आलीयत. माझी पद्धत अशी होती: पहिला महिना फक्त पहिलं आशीर्वचन हिब्रूत, अर्थ समजून, बाकी सगळं मराठीत. पहिलंच का, तर नियमाप्रमाणे सगळीकडे लक्ष टिकत नसेल तर निदान पहिल्यात तरी टिकलंच पाहिजे. दुसऱ्या महिन्यात मोदीम हिब्रूत, कारण वाकणं त्या दोनच आशीर्वचनांत आहे आणि शब्द व शरीर एकत्र बसतं. मग एकेक वाढवत गेलो, सगळं व्हायला दीड वर्ष लागलं. शेजाऱ्याकडे बघून पानं उलटू नका, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, तो नवव्यावर असेल आणि तुम्ही पाचव्यावर, त्यात काही चूक नाही. हजानने पुन्हा सुरू केलं आणि तुमचं अजून चालूच असेल तरी उभे राहून आपलं म्हणत राहा, तो केदुशाला आला की गप्प होऊन ऐका आणि मग पुढे.

त्या काकांच्या मागे आता मी उभा राहतो, जागा बदलून घेतली. त्यांचं हल्ली माझ्या आधी संपतं आणि मग ते माझी पावलं मागे जाईपर्यंत पाय जुळवून तसेच थांबलेले असतात.